वास्तुपूजनानंतरची आभाराची चिठ्ठी: मराठी-इंग्रजी एकत्र की दोन वेगळ्या?

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी वैशाखात नव्या घराचं वास्तुपूजन झालं. पंगती उठल्या, बिछायतवाला गाद्या-सतरंज्या घेऊन गेला आणि आभाराचं काय करायचं हा प्रश्न उरला. एकीकडे गल्लीतले शेजारी, दुसरीकडे सुरत, हैदराबाद, रायपूर आणि अमेरिकेत पांगलेले सोयरे. त्या सोयऱ्यांच्या पोरांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून इंग्रजीही हवी.

आधी मी सोपा मार्ग धरला. एकच कार्ड, वर मराठी, खाली त्याचंच इंग्रजी. छापलं, फोटो काढला, सगळ्यांना पाठवला. दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या चुलतभावाचा फोन आला, "टोमणा मारला का बे?" कार्डावर लिहिलं होतं, थँक यू फॉर कमिंग. तो आलाच नव्हता. मुलाची परीक्षा होती, तसं त्यानं आधीच कळवलं होतं.

इथेच एकत्रित कार्डाचं खरं दुखणं आहे. शेजारी आला, राबला, जेवला. दूरचा सोयरा बहुतेक वेळा आलेला नसतो, त्यानं आहेर पाठवलेला असतो किंवा नुसता फोन केलेला असतो. आभाराचं कारणच दोघांचं वेगळं. मग एकाच मजकुरात "आपण उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढविलीत" हे वाक्य निम्म्या लोकांच्या बाबतीत खोटं ठरतं. सगळे सोयरे प्रत्यक्ष आले असतील तरच एक कार्ड चालेल, आणि वैशाखातल्या आमच्या उन्हात तसं होत नाही.

आता दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून पाहू. शेजाऱ्यांसाठी मी शेवटी हे लिहिलं, हातानं, वहीच्या अर्ध्या पानावर:

> राम राम. आमचं वास्तुपूजन तुम्ही होता म्हणून पार पडलं. तुमचे दोन कूलर आणि चार बाजा आमच्या मांडवात होत्या, काकू पहाटे पाचपासून पोळ्या लाटत होत्या. आभार मानून तुम्हाला परकं करत नाही. आमचं दार तुमच्याच अंगणाकडे उघडतं, सांजच्याला चहाला या.

आणि दूरच्यांसाठी हे. इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत देतो, पाठवताना अर्थात रोमन लिपीत:

> डियर दादा अँड वहिनी, वी हॅड अवर वास्तुपूजा ऑन द सिक्स्थ ऑफ मे. वी मिस्ड यू, अँड आई आस्क्ड फॉर यू व्हेन द फॅमिली फोटो वॉज टेकन. युवर आहेर रीच्ड अस द सेम मॉर्निंग. वी बॉट अ ब्रास समई विथ इट, अँड इट इज लिट एव्हरी इव्हिनिंग. द फ्रंट रूम इज युवर्स व्हेनेव्हर यू कम.

पहिला फरक "धन्यवाद" या शब्दाचा. इंग्रजीत थँक यू नसेल तर ती चिठ्ठी आभाराची वाटतच नाही. माझ्या मजकुरात तो शब्द नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. आहेराबद्दल सांगितलं तिथेच आभार येतात असं मला वाटलं होतं, पण ज्या पुतण्यानं इंग्रजी तपासलं त्यानं शेवटी थँक यू फॉर थिंकिंग ऑफ अस जोडलं, आणि ते बरोबरच होतं. मराठीत उलटं. आमच्याकडे ज्यानं पहाटे येऊन चूल पेटवली त्याला "धन्यवाद" म्हटलं तर तो दुखावतो. काकूंना मी मांडवातच थँक्यू म्हटलं तर त्या म्हणाल्या, "कायचं थँक्यू बाप्पा, आमी का पाहुणे हाव का?" म्हणून "आभार मानून परकं करत नाही" हे वाक्य. ते थोडं घासून गुळगुळीत झालेलं आहे, मला ठाऊक आहे. पण गावात अजून तेच चालतं, कारण आभार मानायचे आणि मानायचे नाहीत ही दोन्ही कामं ते एकदम करतं. याला इंग्रजीत जोडी नाही. शब्दशः केलं तर सुरतेचा भाचा गोंधळून विचारेल, की मामा आभार मानत नाही म्हणजे रागावला का?

शब्दशः भाषांतराची गंमत दोन्ही बाजूंनी होते. "शोभा वाढविलीत" चं माझ्या पहिल्या कार्डावर युवर प्रेझेन्स इन्क्रीज्ड द ब्यूटी झालं होतं. उलट बाजूनं, इंग्रजी नमुना घेऊन मराठी केलं की "हृदयाच्या तळापासून आभार" असं विहिरीतून उपसल्यासारखं काहीतरी निघतं. मराठीत माणूस मनापासून किंवा अंतःकरणापासून आभार मानतो. ओळखायची खूण सोपी आहे. मजकूर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा. ते मध्येच "म्हंजे?" म्हणाले की ते वाक्य काढा. तसंही गावातली चिठ्ठी बरेचदा नातू आजीला वाचून दाखवतो, तेव्हा छोटी वाक्यं बरी.

आता आहेर. घोळ बहुतेक इथेच होतो. इंग्रजी रिवाजात मिळालेली वस्तू नाव घेऊन सांगतात आणि तिचं काय केलं हेही सांगतात. पैसे आले असतील तर आकडा लिहीत नाहीत, त्यातून काय घेतलं ते लिहितात. म्हणून समई. मराठी चिठ्ठीत शेजाऱ्याच्या आहेराचा उल्लेखच नको. पाकिटात 101 असोत की 501, ते आहेराच्या वहीत जातं, आणि पुढच्या वेळी त्यांच्या घरचं कार्य निघालं की ती वही उघडून आपण तेवढं किंवा थोडं जास्त टाकतो. परतफेडीचा हिशोब वहीत, चिठ्ठीत नाही. चिठ्ठीत "आपला आहेर मिळाला" लिहिलं की कमी टाकणाऱ्याला तो मोजल्यासारखा वाटतो. शेजाऱ्याच्या चिठ्ठीत कूलर, बाजा, पोळ्या यांची नावं मात्र घ्यायची, कारण ती कामं कुठल्याच वहीत नोंदलेली नसतात.

दूरच्याचं तसं नाही. त्यानं मोबाईलवरून पैसे पाठवलेत, मांडव पाहिला नाही, पाकीट कुणाच्या हातात दिलं नाही. पोहोचले की नाही ही त्याची पहिली शंका असते. "मिळाला" हे त्याला कळवलंच पाहिजे, पण आकड्याशिवाय.

मग "तू, तुम्ही, आपण". इंग्रजीचा यू सगळ्यांना पुरतो, तिथे प्रश्न सुटतो. शेजाऱ्यांच्या मराठी चिठ्ठीत "आपण" लिहिलं तर ते निवडणुकीच्या बॅनरसारखं वाटतं, "तुम्ही" बरं. पण इंग्रजी जिथे हा प्रश्न सोडवते तिथेच दुसरा उभा करते. अंकल-आंटी लिहिलं की आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्या एकाच टोपलीत. मामी नाराज झाली तर आश्चर्य नाही. म्हणून नात्याचे शब्द इंग्रजी वाक्यातही मराठीच ठेवायचे. दादा, वहिनी, आत्या. परदेशातली पोरं वाचू शकतात, आणि त्यांच्या बायका-नवऱ्यांनाही हे शब्द पाठ झालेले असतात. वास्तुपूजाही तशीच ठेवली. हाउसवॉर्मिंग म्हटलं तर तिकडच्या लोकांना मित्रमंडळींसाठी ठेवलेली मेजवानी वाटते, होमहवन आणि पंगत नाही.

आडनावाचं स्पेलिंग ज्याचं त्याला विचारा. कुणी वानखडे लिहितं, कुणी वानखेडे. एक अक्षर बदललं की सोयऱ्याला वाटतं चिठ्ठी दुसऱ्याचीच आली. शेवटी नाव कुणाचं, हाही फरक. गावात घरातल्या वडीलधाऱ्याचं नाव खाली हवं, मग "समस्त परिवार". बाबांनी सही केली म्हणून ती चिठ्ठी काकांनी खिशात ठेवली. माझी सही असती तर ठेवली नसती. दूरच्यांच्या चिठ्ठीत मात्र मी आणि बायको, दोघांची नावं, कारण पुढच्या पिढीचे संबंध आम्हीच ठेवणार.

पोहोचवायचं कसं, यावर फार विचार नको. दूरच्यांना व्हॉट्सॲप, पण प्रत्येकाला वेगळं. ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात हे खरं, पण ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही त्याला तो मेसेज जातच नाही, आणि मी गेल्याच वर्षी नंबर बदलला होता. म्हाताऱ्या आत्याला टपालानं पाठवायचं तर पत्ता परराज्यात असल्यास रोमन लिपीतही लिहा.

दोन प्रकारच्या चिठ्ठ्यांना वेळ लागतो, ही एकच तक्रार. आमच्या पंधरा घरांच्या आणि बावीस सोयऱ्यांच्या मिळून दोन संध्याकाळी गेल्या. वेळ अगदीच नसेल तर शेजाऱ्यांची चिठ्ठी वगळा आणि घरोघर जाऊन बोला, दूरच्यांची वगळू नका. शेजारी रोज भेटतो, चुलतभाऊ वर्षाकाठी एखाद्या लग्नात.

एका घरचं मला वेगळं लिहावं लागलं. पलीकडच्या घरी सुतक होतं, ते पंगतीला आले नाहीत, पण पाहुण्यांच्या गाड्या लावायला त्यांनी खळं मोकळं करून दिलं. त्यांच्या चिठ्ठीत ना "आला होता" ना "यायला हवं होतं". फक्त खळ्याचं लिहिलं, आणि तेरवी झाल्यावर दिली.

बाकीच्यांची पोरानं नेऊन दिली. काकूंचा पोळ्यांच्या कणकेचा गंज आमच्याकडे राहिला होता. रिकामा परत करत नाहीत, म्हणून त्यात बुंदीचे लाडू घातले आणि वर चिठ्ठी ठेवली. तासाभरानं त्यांचा नातू गंज घेऊन परत आला, आत आंब्याचं लोणचं आणि चिठ्ठी तशीच. आजीनं विचारलंय, म्हणाला, दोन कूलर लिवले, तिसरा आमचाच व्हता ना?

तिसराही त्यांचाच होता. मी खोडून तीन केलं आणि त्याच्या हाती परत पाठवली.