बजेटचा तास: वही की स्प्रेडशीट?

बारावी कॉमर्सला बजेट, व्याज आणि बचत शिकवायला मी ऐरोलीतलं एक काल्पनिक घर घेतो. महिन्याला ३८,००० पगार, त्यातून भाडं, किराणा, लाइट बिल, लोकलचा पास, क्लासची फी. सगळं जाऊन ३,००० उरतात. आणि नेमका फ्रिज बंद पडतो. २४,००० चं कर्ज, १२ महिने, १२ टक्के.

एक वर्ष हे कॉम्प्युटर लॅबमध्ये स्प्रेडशीटवर घेतलं, पुढच्या वर्षी वहीत. स्प्रेडशीटची सोय नाकारत नाही. भाडं हजाराने वाढवलं की शिल्लक लगेच खाली येते, ते पाहायला मुलांना मजा येते. नुसतं बजेट शिकवायचं असेल तर तीच घ्या.

माझं बिनसलं ते हप्त्यापाशी. अर्ध्या वर्गाने असं लिहिलं होतं:

```
=PMT(12%,12,-24000)
```

उत्तर आलं ३,८७४. वर्षाचा दर महिन्याचा करायला १२ ने भागायचं राहिलं होतं. चूक कोणाचीही होते, मीही करतो. पण २४,००० च्या फ्रिजचे ४६,००० च्या वर होतायत आणि उरतात तर ३,०००च, हे एकालाही खटकलं नाही. पडद्यावर रुपयाच्या चिन्हासकट, दोन दशांश स्थळांसह आलेला आकडा खोटा असेल असं कोणाला वाटतं?

बरोबर हप्ता २,१३२. वहीत तो मीच फळ्यावर देतो. पहिल्या महिन्याचं व्याज एक टक्का, म्हणजे २४०. मुद्दल फिटलं १,८९२, बाकी २२,१०८. दुसऱ्या महिन्याचं व्याज २२१. मग शेजारी दुकानदाराची ‘फ्लॅट १२ टक्के’ योजना मांडायची: व्याज २,८८०, हप्ता २,२४०. सहा हप्ते भरल्यावर मुद्दल उरलं १२,०००, तरी व्याज २४०च. इथे मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, निम्मे पैसे फेडले की! आता १२०च पाहिजे ना?” तो फ्लॅट दर खरं तर साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातो, हे त्यानंतर सांगितलं तर पटतं. बचतीचंही तिथेच निघतं: एका योजनेत आरडीला ८६८ उरतात, दुसरीत ७६०.

वहीला दोन तास जातात, आणि एका ओळीतली चूक खालपर्यंत वाहत जाते. शेवटी बाकी चार-पाच रुपयांहून जास्त राहिली तर वर कुठेतरी चुकलंय, एवढी खूण पुरते. साठ मुलांच्या वह्या तपासायच्या तर माझा रविवार जातो, तेही खरं.

तुमच्याकडे तास कमी असतील तर लॅब वाईट नाही, पण निदान पहिल्या तीन ओळी हाताने करून घ्या. मी यंदाही फूलस्केप कागदच मागवलेत.