६०० ग्रॅमची शेड, ४२ किलोचं भाडं आणि माझे ८३२ रुपये

आधी आकडा सांगून टाकते: ८३२ रुपये. एवढ्यासाठी काय लिहायचं, असं घरच्यांचं म्हणणं आहे. पण मी स्वतः ठाण्याहून, नौपाड्यातल्या घरातून, दर दिवाळीला तयार आकाशकंदील पार्सलने पाठवते. हलका पण अवाढव्य माल म्हणजे काय, कुरिअरवाला त्याचं वजन कसं धरतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आणि नेमकं त्यातच मला टोपी घातली गेली.

माल होता वेताच्या तीन लॅम्पशेड. प्रत्येकी ६९० रुपये, एकूण २,०७०. विकणारा दुसऱ्या राज्यातला. लिस्टिंगवर लिहिलेलं होतं, 'व्यास ४० सेमी, उंची ३० सेमी, वजन ६०० ग्रॅम. डिलिव्हरी चार्ज वजनानुसार वेगळा.' तीन शेडचे मिळून १.८ किलो, म्हणजे फार तर दोन किलोचं भाडं, असा साधा माणूस हिशोब करेल. मी साधी नव्हते. मला ठाऊक होतं की हे ६०० ग्रॅम शेडचे आहेत, पार्सलचे नाहीत. तरी विचारलं नाही. शेडचे २,०७० वेबसाइटवर भरून मोकळी झाले आणि मग त्याचा मेसेज आला: 'मॅडम, कुरिअरचे १,४८७ होतात.'

त्याने हिशोबही पाठवला होता, आणि तो वरवर अगदी बरोबर होता, हीच तर गोम आहे. पार्सलची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. येतं ते व्हॉल्युमेट्रिक वजन, किलोमध्ये. काट्यावरचं वजन आणि हे वजन, यातलं जे जास्त त्यावर भाडं. वर ते पुढच्या अर्ध्या किलोला नेऊन टेकवतात. त्याने लिहिलं, एका शेडचं खोकं ४५ × ४५ × ३४. गुणाकार ६८,८५०, भागाकार १३.७७, म्हणजे १४ किलो. तीन खोकी, ४२ किलो. किलोला ३० रुपये प्रमाणे १,२६०, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले १,४८६.८०. गणितात एक पैसा चुकलेला नाही. मी कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिलं, जुळलं, आणि त्याने पाठवलेल्या क्यूआर कोडवर पैसे टाकले. वेबसाइटच्या बाहेर. हो, हेही मीच केलं.

आता ज्या क्षणी कळायला हवं होतं तो क्षण. पैसे मागताना त्याने पॅकिंगचा फोटो पाठवला होता. फोटोत खोकं एकच. मी मनाशी म्हटलं, बाकीची दोन मागे असतील. बरं, ते खोकं उभं होतं फरशीवर, आणि फरशी होती आपल्याकडे सगळीकडे असते ती दोन बाय दोन फुटांची, म्हणजे साधारण ६० सेमीची. खोकं एका फरशीच्या आत बसलं होतं आणि उंचीला रुंदीइतकंच दिसत होतं. ३४ सेमी उंचीचं खोकं ४५ च्या रुंदीपुढे बसकं दिसतं, चौकोनी ठोकळा दिसत नाही! फोटोतलं खोकं ठोकळा होतं. ही तफावत डोळ्यांसमोर होती आणि मी त्याला उत्तर काय दिलं, तर 'छान पॅकिंग आहे'.

पाच दिवसांनी डिलिव्हरीवाला दादा आला. एक खोकं. आत तिन्ही शेड एकात एक घातलेल्या, मध्ये कागद. शेड वरून २० आणि खालून ४० सेमी, निमुळत्या. त्यामुळे दुसरी पहिलीत शिरते आणि प्रत्येक वाढीव शेडमागे उंची फक्त सहा सेमी वाढते. तीन शेडचा ढीग ४२ सेमी, वर-खाली थोडा कागद, की झालं ४५ चं घनाकार खोकं. बाहेरच्या लेबलवर छापलेलं होतं: वजन १८.५ किलो. ४५ × ४५ × ४५ म्हणजे ९१,१२५, भागिले ५०००, १८.२, टेकवून १८.५. त्याच दराने ५५५ रुपये आणि जीएसटी धरून ६५४.९०. माझ्याकडून घेतले १,४८७. त्याने कुरिअरला ४२ किलोचे पैसे दिलेच नव्हते. तीन खोक्यांचं भाडं घेऊन एक खोकं पाठवलं आणि वरचे ८३२ खिशात घातले.

विचारल्यावर त्याची उत्तरं ऐका, कारण तुम्हालाही हीच मिळतील. पहिलं, 'मॅडम, कुरिअर कंपनीने नंतर वजन वाढवून लावलं.' असं खरंच होतं, विक्रेत्यांना हा त्रास रोजचा आहे. हबमध्ये मशीनवर पार्सल पुन्हा मोजतात आणि जाहीर केलेल्या मापापेक्षा जास्त निघालं तर फरक वसूल करतात. पण ती मागणी पार्सल उचलल्यानंतर येते, आणि सोबत सहसा मोजणीचा फोटो आणि मापं असतात. याची मागणी उचलण्याच्या आधीची होती. दुसरं, 'आमचा कुरिअर ५००० ने नाही, ४००० ने भागतो.' असेही दर असतात, नाही असं नाही. पण ९१,१२५ भागिले ४००० म्हणजे २२.८, टेकवून २३ किलो. ४२ कुठून आले? यावर ब्लॉक.

कुरिअरची पावती मागा. विक्रेत्याने टाइप केलेला हिशोब चालणार नाही, कुरिअरची पावतीच हवी. देत नसेल तर काय ते समजा.

तक्रारीचं काय झालं ते वाचून तुम्हाला नवल वाटणार नाही. वेबसाइटवाले म्हणाले, शेड मिळाल्या ना, मग ऑर्डर पूर्ण. भाडं तुम्ही आमच्या बाहेर दिलं, त्याच्याशी आमचा संबंध नाही. ग्राहकांसाठीच्या हेल्पलाइनवर वीस मिनिटं गाणं ऐकलं, तक्रार क्रमांक मिळाला, आणि नऊ दिवसांनी ती 'विक्रेत्याशी संपर्क होऊ शकला नाही' म्हणून बंद झाली. संपर्क होत नाही म्हणूनच तर तुमच्याकडे आले होते! चौकीत गेले तर साहेबांनी खोक्याचा फोटो पाहिला, शेडचा पाहिला आणि विचारलं, 'वस्तू फुटलेली नाही ना?' नाही. 'मग फसवणूक कुठे झाली?' मी ४५ गुणिले ४५ समजावायला लागले तेव्हा त्यांनी चहा मागवला, स्वतःसाठी. शेवटी म्हणाले, ताई, ८३२ साठी ठाणे स्टेशनपासून रिक्षाचे किती दिले? तेही खरंच.

आणि नियम नाही असं नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याने एकूण किंमत दाखवायची, आणि त्यातच डिलिव्हरी, पोस्टेज, हाताळणीचा खर्च वेगळा फोडून दाखवायचा, असं स्पष्ट आहे. 'वजनानुसार वेगळा' ही फोड होत नाही. घरातली जुनी वस्तू एकदाच विकणाऱ्याला ते नियम लागू नाहीत, नियमित धंदा करणाऱ्याला आहेत. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी कागद जमवून ठेवलेत. जाईन का? माहीत नाही; तारखांना दुकान कोण बघणार.

विकणाऱ्यांनो, आता तुमच्याशी. यात सगळे चोर नसतात, पण 'वजन ६०० ग्रॅम' लिहून थांबणारा प्रत्येक जण चोराला आडोसा देतो. वस्तू आधी खरीखुरी पॅक करा, टेप लावा, मग मोजा. रिकाम्या खोक्यावर छापलेली मापं लिहू नका. कोंबून भरलेल्या खोक्याला पोट सुटतं आणि मशीन पोटाचंच माप धरतं. हेच ४५ चं खोकं तिन्ही बाजूंना दोन-दोन सेमी फुगलं तर ४७ चा घन १,०३,८२३ होतो, म्हणजे २०.८, टेकवून २१ किलो. अडीच किलो जास्त, जीएसटीसह ८८ रुपये ५० पैसे, फक्त पुठ्ठा फुगला म्हणून. टेपपट्टी सर्वांत फुगलेल्या ठिकाणी धरा आणि पूर्ण सेंटिमीटरला वर न्या.

वजनाला घरचा काटा चालतो. खोकं काट्याच्या पाटीवर मावत नसेल तर पाटीवर पातेलं उपडं ठेवा, काटा शून्यावर आणा, वर खोकं ठेवा. जड असेल तर खोकं घेऊन स्वतः माणसांच्या काट्यावर चढा आणि आपलं वजन वजा करा. शंभर-दोनशे ग्रॅमची चूक राहते, पण अशा मालाचं भाडं मापावर ठरतं, तेव्हा तेवढं चालतं. लोखंडी कढई विकत असाल तर मात्र उलटं. तिथे माप गौण आणि काटा अचूक हवा.

आणि लिहायचं कसं, तर वस्तू वेगळी, पार्सल वेगळं, आणि एकापेक्षा जास्त नग घेतले तर काय, हे तिसरं. या शेडचं लिस्टिंग असं हवं होतं:

'शेड: व्यास ४० सेमी, उंची ३० सेमी, ६०० ग्रॅम. एक नग पॅक करून: ४५ × ४५ × ३४ सेमी, १.६ किलो, भाडं १४ किलोचं. तीन नग एकात एक घालून एकाच खोक्यात: ४५ × ४५ × ४५ सेमी, ३.४ किलो, भाडं १८.५ किलोचं. भागाकार ५००० ने.'

चार ओळी. तिसरी वाचल्यावर माणूस एक सोडून तीन शेड घेतो, कारण भाडं जेमतेम साडेचार किलोने वाढतं. म्हणजे खरं लिहिण्यात विकणाऱ्याचाच फायदा होता, हे त्या शहाण्याला कळलं नाही.

घेणाऱ्यांनी मात्र एवढं विचारा: किती खोकी, आणि प्रत्येकाचं बाहेरचं माप काय. माल एकात एक बसतो का ते स्वतः बघा; शेड, टोपल्या, कुंड्या, बादल्या, पातेली, जे काही निमुळतं आहे ते बसतं. नगांच्या संख्येने गुणलेलं भाडं दिसलं की थांबा. फोटो टेपपट्टी लावून मागा, फरशी मोजत बसायची वेळ यायला नको. आणि पार्सल आल्यावर लेबल फाडून टाकू नका, लिहिलेलं वजन आधी वाचा.

त्याचं लिस्टिंग परवा पुन्हा पाहिलं, दुसऱ्या फोनवरून. वजन अजून ६०० ग्रॅमच आहे. खाली कुणीतरी विचारलंय, 'सहा नग नेरूळला पाठवायचे किती पडतील?' आणि त्याचं उत्तर आहे, 'वजनानुसार, मॅडम. आधी ऑर्डर टाका.'