पावतीवर ‘देणगी’ असं लिहिलं होतं

२०१८ साली मी वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा होऊन सहा वर्षं झाली होती आणि मला सेफ्टी ऑफिसर व्हायचं होतं. आमच्याच लाइनवरच्या एका हेल्परची बोटं प्रेसमध्ये गेली, तेव्हापासून हे डोक्यात होतं. त्यासाठी ‘ॲडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी’ लागतो, बोलताना सगळे त्याला एडीआयएस म्हणतात, एवढं मला माहीत होतं. तो कोण देतं आणि कोणी दिलेला चालतो, हे मात्र मी विचारलं नाही. माझे ३८,५०० रुपये गेले ते त्या न विचारलेल्या प्रश्नापायी.

शहरात एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर ती संस्था होती. काउंटरवरच्या मॅडम अगदी आदबीने बोलल्या. भिंतीवर पाच-सहा फ्रेम होत्या. त्यातली एक १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची, एक आयएसओ ९००१ ची, एक उद्योग म्हणून केलेल्या नोंदणीची आणि एक नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची. प्रत्येकीवर कुठे ना कुठे सिंहमुद्रा किंवा ‘भारत सरकार’ हे शब्द. मॅडम म्हणाल्या, “सर, सगळं गव्हर्न्मेंट रजिस्टर्ड आहे, बघा ना.” मी बघितलं आणि ५,००० रुपये भरून सीट बुक केली.

मॅडमचं ते वाक्य खरं होतं. संस्था नोंदणीकृतच होती. पण नोंदणी वेगळी आणि मान्यता वेगळी. सात माणसं एकत्र येऊन सोसायटी नोंदवू शकतात, त्यात भजनी मंडळही आलं. त्या नोंदणीने संस्था अस्तित्वात आहे एवढंच कळतं, डिप्लोमा द्यायचा अधिकार तिला मिळत नाही. उद्योगाची नोंदणी आपणच माहिती भरून ऑनलाइन करायची असते, आणि दर्पण ही स्वयंसेवी संस्थांची नोंदवही आहे. आयएसओ ९००१ कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतं, अभ्यासक्रमाबद्दल नसतं, आणि आयएसओ स्वतः कोणालाच प्रमाणपत्र देत नाही, ते बाहेरच्या एजन्सीज देतात. म्हणजे भिंतीवरचा एकही कागद ‘या संस्थेने दिलेला औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा सरकार मानतं’ असं सांगत नव्हता. मला हवा होता तो नेमका हाच कागद.

मान्यता शोधायची असेल तर संस्थेकडून सुरुवात करू नका. जी नोकरी हवी आहे तिच्या नियमापासून उलटं मागे या. त्या वेळी सेफ्टी ऑफिसरची तरतूद कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४०-ब मध्ये होती आणि पात्रता राज्याच्या १९८२ च्या नियमांत होती. अभियांत्रिकीची पदवी असेल तर कारखान्यातला दोन वर्षांचा अनुभव, पदविका असेल तर पाच वर्षांचा, त्यावर राज्य शासनाने मान्य केलेली औद्योगिक सुरक्षेची पदवी किंवा पदविका, आणि कामगारांची भाषा यायला हवी. महाराष्ट्रात ही पदविका तंत्रशिक्षण मंडळाची, म्हणजे एमएसबीटीईची असते. मुंबईत शीवला केंद्र सरकारची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, तीही हा कोर्स चालवते. आता कामगार कायद्यांची चौकट बदलली आहे, म्हणून नियमाची ताजी प्रत बघा. तरी शोधायचा शब्द तोच, ‘शासनाने मान्य केलेली’.

हा नियम मी आधी वाचला असता तर फसवणूक काउंटरवरच उघडी पडली असती. त्यांनी माझ्याकडे अनुभवाचा दाखला मागितलाच नाही. माझ्याबरोबर बसलेला एक मुलगा दहावी पास होता आणि त्यालाही त्याच कोर्सला घेतलं. वरून मॅडम म्हणाल्या, “वर्षभराचा कोर्स आहे, पण फास्ट ट्रॅकमध्ये तीन महिन्यांत होऊन जाईल. मागच्या बॅचमध्ये नाव टाकून देऊ.” मागच्या बॅचमध्ये नाव टाकणं म्हणजे मागची तारीख घालून खोटा कागद तयार करणं. तेव्हा मला ती सवलत वाटली. आता कोणी ‘मागची बॅच’ म्हटलं तर पुढचं काही ऐकायचीही गरज नाही, सरळ उठून या.

पैसे तीन हप्त्यांत गेले. दुसरा हप्ता एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर मागितला. पावती मिळाली ती अशी: वर संस्थेचं नाव, खाली ‘देणगी, परत मिळणार नाही’. कोर्सचं नाव नाही, वर्ष नाही. विचारलं तर “टॅक्ससाठी तसं लिहितो” म्हणाल्या. पुढे पैसे परत मागायला गेलो तेव्हा हाच शब्द माझ्यासमोर ठेवला. फी भरताय तर पावतीवर फी हाच शब्द हवा, सोबत कोर्सचं पूर्ण नाव आणि वर्ष हवं, आणि खातं संस्थेच्या नावाचं हवं. हे लिहून द्यायला जो तयार नाही, त्याला एक रुपयाही देऊ नका.

सर्टिफिकेट आलं ते जाड कागदावर, होलोग्राम आणि सोनेरी शिक्क्यासकट. खाली एका ‘कौन्सिल’चं नाव होतं, सरकारी वाटेल असं. क्यूआर कोड स्कॅन केला की हिरव्या अक्षरांत ‘व्हेरिफाइड’ यायचं. मी खूश होऊन बायकोला दाखवलं होतं. ते पान त्या कौन्सिलच्याच वेबसाइटवरचं होतं, आणि कौन्सिल चालवणारे संस्थेचेच लोक होते. त्यांनीच द्यायचं आणि त्यांनीच खरं म्हणायचं. नोटरीचंही तसंच, त्याचा शिक्का असला म्हणून डिप्लोमाला मान्यता येत नाही.

पुढच्या वर्षी लोट्याच्या एका केमिकल कंपनीत इंटरव्ह्यू झाला. साहेबांना माझी उत्तरं पटली होती. मग त्यांनी सर्टिफिकेट हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, “बोर्डाची मार्कशीट कुठे आहे?” माझ्याकडे नव्हती. ते शांतपणे म्हणाले, “अहो, तपासणीला फॅक्टरी इन्स्पेक्टर आले की तुमचे कागद मला त्यांच्यापुढे ठेवावे लागतात. हा कागद मी ठेवू शकत नाही.” मी बाहेर आलो आणि चिपळूणच्या एसटी स्टँडवर दोन तास नुसता बसून राहिलो.

सगळे खासगी कोर्स खोटे, असं मात्र मी म्हणत नाही. टॅली, एक्सेल, वेल्डिंग शिकवणाऱ्या साध्या क्लासचं सर्टिफिकेट खासगीच असतं, ते कौशल्यासाठी घेतलं तर त्यात काही गैर नाही. लॅब टेक्निशियन, नर्स, फार्मासिस्ट, सेफ्टी ऑफिसर अशा कामांना मात्र पात्रता कायद्याने ठरलेली असते. तिथे चांगलं शिकवलं तरी मान्यतेशिवाय तो कागद चालत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा अशाच कोर्सचं पत्रक घेऊन आला. मी त्याला स्पीकरवर फोन लावायला सांगितला आणि दोनच गोष्टी विचारायला लावल्या: एमएसबीटीईने तुमच्या संस्थेला दिलेला कोड कोणता, आणि या वर्षी याच कोर्सला संलग्नता आहे का. दुसरा प्रश्न मुद्दाम, कारण एखाद्या कॉलेजची दुसऱ्या कोर्सची संलग्नता खरी असते आणि तिच्या आडून हा विकला जातो. पलीकडून उत्तर आलं, “सर, तुम्ही ऑफिसला या, सगळी सर्टिफिकेट्स भिंतीवरच लावलीत.” मुलाने माझ्याकडे बघितलं. मी त्याला मंडळाच्या विभागीय कार्यालयाचा नंबर काढून दिला आणि त्या संस्थेचं नाव तिथे विचारायला सांगितलं. तिथल्या बाईंनी यादी बघून सांगितलं, हे नाव आमच्याकडे नाही.