दिव्यांग कामगार घेताना: पीएफची सवलत की आयकराची वजावट?

नाशिकमधल्या अंबडच्या एमआयडीसीत 26 माणसांचं एक फॅब्रिकेशन युनिट आहे, भागीदारी फर्म. त्यांचं पगार-पीएफचं काम माझ्याकडे असतं. मागच्या वर्षी त्यांनी एक कर्णबधिर मुलगा असेंब्लीला घ्यायचं ठरवलं, पगार 15,000. मालकांचा पहिला प्रश्न होता, "भाऊ, दिव्यांग घेतला की टॅक्समध्ये किती सुटतं?"

आधी एक गैरसमज काढतो. 75,000 किंवा 1,25,000 ची जी वजावट लोक सांगतात ती कलम 80यूची आहे. ती त्या मुलाच्या स्वतःच्या उत्पन्नातून मिळते, तीही जुन्या कररचनेत. मालकाचा तिच्याशी संबंध नाही.

मालकासाठी पहिला रस्ता केंद्राच्या 1 एप्रिल 2008 पासूनच्या योजनेचा. दिव्यांग कामगाराच्या पीएफ आणि ईएसआयमधला मालकाचा हिस्सा सरकार भरतं, मूळ योजनेत पहिली 3 वर्षं. इथं पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,800 आणि ईएसआयचे 3.25 टक्के म्हणजे 488. महिन्याला 2,288, वर्षाला 27,456. पीएफचं प्रशासन शुल्क मात्र मालकाकडेच राहतं.

दुसरा रस्ता कलम 80जेजेएएचा. हे कलम दिव्यांगांसाठी नाही, नव्या नोकरभरतीसाठी आहे. वाढीव कामगाराच्या पगाराच्या 30 टक्के रक्कम 3 वर्षं उत्पन्नातून वजा होते. 1,80,000 चे 30 टक्के म्हणजे 54,000, आणि फर्मच्या 31.2 टक्के दराने वर्षाला 16,848 रुपये कर वाचतो. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला, कलमाचा क्रमांक बदलला, पण तरतूद आहे.

27,456 मोठे दिसतात खरे. पण पीएफ-ईएसआयचा खर्च वाचला की तेवढा नफा वाढतो आणि त्यावर कर लागतो. हातात उरतात साधारण 18,890. म्हणजे दोन्हींत फरक वर्षाला जेमतेम दोन हजारांचा.

मग दोन्ही का घेऊ नयेत? कलमात एक ओळ आहे: ज्याच्या पेन्शन योजनेची संपूर्ण वर्गणी सरकार भरतं, तो कामगार 'वाढीव' धरला जात नाही. पेन्शनची वर्गणी मालकाच्या हिश्शातूनच जाते. तो हिस्सा सरकारने भरला, तर माझ्या वाचनाप्रमाणे वजावट गेली. मालकांना मी हेच सांगितलं: एक धरा, दुसरं सोडा.

कोणतं धरायचं हे बहुतेकदा टॅक्स ऑडिटच ठरवतं. 80जेजेएए फक्त ऑडिट लागणाऱ्या धंद्याला मिळतं. व्यवहार बँकेतून असतील आणि रोखीचे 5 टक्क्यांच्या आत, तर 10 कोटींच्या उलाढालीपर्यंत ऑडिट लागत नाही. सातपूर-अंबडची कितीतरी छोटी युनिट्स इथेच गळतात, त्यांना पीएफची योजनाच उरते. ऑडिट असेल तरी वर्षअखेरीला एकूण माणसं आधीच्या वर्षापेक्षा वाढलेली हवीत. एक गेला म्हणून एक घेतला तर काही नाही. पगार महिना 25,000 च्या आत आणि बँकेतून, कामाचे दिवस किमान 240. दिवाळीनंतर घेतलेल्याचे 240 भरत नाहीत, पण पुढच्या वर्षी भरले तर त्या वर्षापासून लाभ सुरू होतो.

पीएफच्या रस्त्यावर घोळ होतो तो नोंदणीच्या दिवशी. कामगाराचा पीएफचा यूएएन क्रमांक काढताना दिव्यांग आहे का, असा रकाना असतो. ऑफिसातला पोरगा घाईत 'नाही' टाकून पुढे जातो. या मुलाचंही तेच झालं. वर त्याच्या दिव्यांगत्वाच्या यूडीआयडी कार्डावर वडिलांचं नाव मधे होतं, आधारवर नव्हतं. आधी कार्ड आणि आधार जुळवा, मगच यूएएन काढा. आणि चलनातला हिस्सा कोण भरणार, हे पीएफ ऑफिसातून लेखी घेतल्याशिवाय हिशेबात धरू नका.

आता तिसरी गोष्ट, जिच्यामुळे आमचा निर्णय फिरला. 1 ऑगस्ट 2025 ते 31 जुलै 2027 मधल्या नव्या नोकऱ्यांसाठी पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजना आहे. 15,000 च्या पगारावर मालकाला महिना 2,000 मिळतात, 2 वर्षं, कारखान्याला 4. सरकार इथे पैसे मालकाला देतं, पेन्शनची वर्गणी भरत नाही, म्हणून 80जेजेएएच्या त्या ओळीत हे अडकत नाही. वर्षाचे 24,000, कर जाऊन 16,512, त्यात वजावटीचे 16,848, एकूण 33,360. अट अशी की 50 पेक्षा कमी माणसांच्या युनिटने किमान दोन जण वाढवायला हवेत, आणि ते सहा महिने टिकायला हवेत.

मालकांचं ऑडिट होतंच. त्यांनी वेल्डिंगला आणखी एक माणूस घेतला आणि पीएफची सवलत सोडून दिली. सीएंना 80जेजेएएसाठीचा 10डीए रिपोर्ट रिटर्नच्या मुदतीआधी महिनाभर द्यावा लागतो, म्हणून पगारपत्रक मी सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात पाठवून दिलं.