‘२०२० मॉडेल, बीएस-६ डिझेल’ म्हणून विकलेली बीएस-४ गाडी

एका खरेदीदाराची झालेली ही फसवणूक. जुनी डिझेल गाडी घेणाऱ्या कोणाच्याही वाट्याला ती येऊ शकते, म्हणून सविस्तर लिहीत आहोत. गाडी इनोव्हा क्रिस्टा, डिझेल, एमएच-१२ पासिंग. जाहिरातीत ‘२०२० मॉडेल, बीएस-६, सिंगल ओनर’. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचं सरकारी मानक. आकडा जितका मोठा, तितकी धुराची मर्यादा कडक. घेणारा पुण्याचा, पण नोकरीची बदली नोएडाला झालेली. दिल्लीकडे जुन्या डिझेलला त्रास होतो हे त्याने ऐकलं होतं, म्हणूनच त्याला बीएस-६ हवी होती आणि त्यासाठी बीएस-४ च्या भावापेक्षा सुमारे दोन लाख जास्त मोजायची त्याची तयारी होती. हे त्याने एजंटला पहिल्याच फोनवर सांगून टाकलं. पुढचं सगळं तिथूनच ठरलं.

गाडी प्रत्यक्षात बनली होती २०१९ च्या शेवटी. शोरूममध्ये शिल्लक राहिली आणि मार्च २०२० मध्ये सवलतीत विकून पासिंग करून घेतली गेली. त्या महिन्यात अशा हजारो गाड्यांचं पासिंग घाईने झालं, कारण १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ गाडी विकायची किंवा नोंदवायची नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २४ ऑक्टोबर २०१८ चा आदेश होता. त्यामुळे २०२० च्या पहिल्या तीन महिन्यांत नोंदलेली गाडी बीएस-४ असू शकते, तशीच बीएस-६ ही असू शकते. क्रिस्टाच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढतो. बीएस-६ डिझेल क्रिस्टा जानेवारी २०२० मध्येच बाजारात आली आणि नवा चेहरा मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिळाला. मधल्या काळातली बीएस-६ गाडी आणि तिच्या आधीची बीएस-४ गाडी बाहेरून एकसारखीच दिसते. उलट बाजूचं उदाहरण किया सेल्टॉसचं: ती ऑगस्ट २०१९ मध्ये आली तीच बीएस-६ होऊन. सांगायचं इतकंच, की वर्षावरून मानक ठरवता येत नाही. मारुतीच्या डिझेलला मात्र हा प्रश्नच नाही. कंपनीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, त्यामुळे कोणी ‘बीएस-६ डिझेल ब्रेझा’ विकत असेल तर तिथून उठून यावं.

एजंटने तीन गोष्टी पुराव्यादाखल दाखवल्या, आणि तिन्ही वरवर पटण्यासारख्या होत्या.

पहिला पुरावा काचेवरचा स्टिकर. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटसोबत समोरच्या काचेला आतून तिसरी प्लेट म्हणून हा स्टिकर लावतात. डिझेलसाठी तो केशरी असतो, पेट्रोल आणि सीएनजीसाठी फिकट निळा. बीएस-६ गाडीच्या स्टिकरवर वरच्या कडेला एक सेंटिमीटरची हिरवी पट्टी असते. या गाडीच्या स्टिकरवर हिरवी पट्टी होती, पण ती नंतर चिकटवलेली. खरा स्टिकर होलोग्रामचा असतो, काढायला गेलं तर फाटतो, आणि त्यावर नोंदणी क्रमांक, नोंदणी प्राधिकरण, नोंदणीची तारीख आणि प्लेटचे लेझर क्रमांक छापलेले असतात. ते क्रमांक पुढच्या-मागच्या प्लेटवरच्या क्रमांकांशी जुळवून बघायचे. इथे ते जुळत होते, कारण मूळ स्टिकर खरा होता. भर फक्त हिरव्या कागदाची होती. नखाने कड खरवडली असती तरी कळलं असतं.

दुसरा पुरावा पीयूसी. ‘एक वर्षाची पीयूसी आहे, म्हणजे नवीन नॉर्मची गाडी,’ असं सांगून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. हे अर्धसत्य आहे. पीयूसीची मुदत बीएस-४ आणि बीएस-६ दोघांनाही एक वर्षच असते. सहा महिन्यांची मिळते ती बीएस-३ आणि त्याआधीच्या गाड्यांना. म्हणून मुदत पाहून बीएस-३ ओळखता येते, पण ४ आणि ६ यांतला फरक कळत नाही. तो कळतो प्रमाणपत्रावरच्या दोन ओळींतून. एक ओळ मानकाची, दुसरी धुराच्या मर्यादेची. डिझेलच्या चाचणीत ॲक्सिलरेटर झटक्याने दाबून धूर मोजतात. बीएस-४ साठी मर्यादा १.६२ प्रति मीटर आहे, बीएस-६ साठी ०.७, आणि बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांसाठी २.४५. पाठवलेल्या फोटोतून नेमका हाच भाग कापलेला होता. पीयूसीचा फोटो कापून आला, तर कापलेला भाग कोणता हे आधी विचारावं. खरं तर फोटोवर अवलंबून राहायचं कारणच नाही. puc.parivahan.gov.in वर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे पाच अंक टाकले की पूर्ण प्रमाणपत्र उघडतं.

तिसरा पुरावा इन्शुरन्सच्या कागदावरचं ‘2020’. ते नोंदणीचं वर्ष होतं. उत्पादनाचा महिना आणि वर्ष आरसीवर वेगळ्या ओळीत असतात, आणि मूळ आरसी ‘बँकेतून यायची आहे, हायपोथिकेशन काढतोय’ म्हणून दाखवलीच नव्हती.

आरसी किंवा एमपरिवहन ॲप उघडलं असतं तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. तपशिलात पुढची ओळ असते:

```
Emission Norms : BHARAT STAGE IV
```

या गाडीच्या नोंदीत हेच होतं. खरेदीदाराने ते पाहिलं ते टोकन, पूर्ण रक्कम आणि ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० या सगळ्यानंतर, नोएडाला पोहोचल्यावर.

काही जुन्या नोंदींत ही ओळ रिकामी किंवा `NOT AVAILABLE` असते. रिकामी ओळ म्हणजे ‘आमची गाडी वरच्याच नॉर्मची’ असं विकणारे सांगतात. अशा वेळी पहिल्या मालकाकडचा फॉर्म २२ मागावा. नवी गाडी नोंदवताना कंपनीने दिलेलं हे प्रमाणपत्र असतं आणि त्यात गाडी कोणत्या मानकात बसते ते लिहिलेलं असतं. तो नसेल तर चासी नंबर घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारावं, आणि आरटीओत नोंद दुरुस्त करून घेण्याचं काम गाडी विकणाऱ्याच्या नावावर असतानाच उरकावं. बीएस-३ च्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं. २०१० ते २०१७ या काळात मुंबई, पुणे, सोलापूर अशा ठरावीक शहरांत बीएस-४ सक्तीचं होतं, तर बाकी बहुतेक महाराष्ट्रात बीएस-३ गाडी नवी म्हणून मिळत होती. त्यामुळे २०१४ च्या एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एक पुण्याची एमएच-१२ आणि दुसरी साताऱ्याची एमएच-११, वेगवेगळ्या मानकांच्या असू शकतात.

आता या खरेदीदाराच्या वाट्याला काय आलं ते पाहू. दिल्लीत हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक ४०० च्या वर गेला की ग्रॅपचा, म्हणजे प्रदूषण वाढेल तसे टप्प्याटप्प्याने निर्बंध लावणाऱ्या योजनेचा, तिसरा टप्पा लागू होतो. त्यात बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल चारचाकी दिल्लीसह गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगर या जिल्ह्यांत चालवता येत नाही. नोएडा गौतम बुद्ध नगरमध्येच येतं, म्हणजे गाडी घराबाहेर काढायलाच मनाई. पकडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपयांपर्यंत दंड. गाडी एमएच पासिंगची असली तरी सूट मिळत नाही, आणि हे टप्पे नेमके थंडीच्या महिन्यांत येतात.

त्यापुढे वयाचा प्रश्न आहे. दिल्ली-एनसीआरमध्ये डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली. या गाडीला ती मार्च २०३० ला लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये केवळ वयावरून कारवाई करू नये असा आदेश आला आणि १७ डिसेंबर २०२५ ला तो बदलून संरक्षण फक्त बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. म्हणजे बीएस-३ चं नुकसान आजच झालं आहे आणि बीएस-४ तूर्त वाचली आहे. पण हा अंतरिम आदेश आहे. त्याच्या भरवशावर बीएस-४ गाडीला दोन लाख जास्त मोजणं आमच्या मते शहाणपणाचं नाही.

हीच गाडी पुण्यात राहिली असती तर अडचण बरीच कमी होती. महाराष्ट्रात दहा वर्षांची डिझेलबंदी नाही. पंधरा वर्षांनी फेरनोंदणी आणि पर्यावरण कर भरून गाडी पुढे चालते. फेरनोंदणीचं केंद्राचं शुल्क चारचाकीला ५,००० रुपये आहे, आणि वीस वर्षांपुढे १०,०००. तरीही पुनर्विक्रीत फटका बसतोच. मोठ्या डिझेल गाड्यांना परराज्यातून, विशेषतः उत्तरेकडून, मागणी असते आणि एनसीआरचा ग्राहक बीएस-४ डिझेल घेत नाही. मग गिऱ्हाईक फक्त आपल्याच भागातलं उरतं आणि भावही त्याच्याच म्हणण्याप्रमाणे ठरतो. दिल्लीहून स्वस्तात आलेल्या बीएस-४ डिझेल गाड्या इकडे वाढल्या की तो आणखी घसरतो. अशी दिल्लीची गाडी घ्यायची असेल तर आधी एनओसी म्हणजे फॉर्म २८ मिळाला आहे का आणि तो तुमच्याच आरटीओच्या नावाने आहे का ते बघा. एनओसी ‘नंतर काढून देतो’ असेल तर पैसे नंतरच द्या.

या प्रकरणात एजंटचं उत्तर ठरलेलं होतं: ‘आरसी सरकारी कागद आहे, तुम्ही बघायला हवी होती.’ सौदापत्रात ‘जशी आहे तशी’ हे वाक्य होतं आणि मानकाचा उल्लेखच नव्हता. जाहिरातीतला ‘बीएस-६’ हा शब्द तोवर काढून टाकला होता. खरेदीदाराची बाजू टिकली ती जाहिरातीचा जुना स्क्रीनशॉट आणि ‘बीएस-६ आहे ना?’ ‘हो सर, पक्की’ असा चॅट त्याच्याकडे असल्यामुळे. एजंटने शेवटी भावातल्या फरकाचा काही भाग परत केला. चिकटवलेल्या पट्टीबद्दल मात्र ‘आधीच्या मालकाने लावली असेल’ एवढंच.

सौदापत्रात पैसे देण्याआधी हे एक वाक्य घालून घ्यावं: ‘वाहनाचे उत्सर्जन मानक भारत स्टेज ६ असून आरसीवरील नोंद वेगळी आढळल्यास विक्रेता पूर्ण रक्कम परत करील.’ प्रामाणिक विकणारा यावर सही करायला कुरकुर करत नाही. गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्याकडे नोंदणीकृत वाहनांचा विक्रेता म्हणून आरटीओचं अधिकारपत्र आहे का तेही विचारावं. एप्रिल २०२३ पासून ते लागतं. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवावी. ५० लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. ग्राहक आयोगाचा हा मार्ग विकणं हाच धंदा असलेल्याविरुद्ध चालतो. एखाद्या घरगुती मालकाने स्वतःची गाडी विकताना खोटं सांगितलं तर पोलीस तक्रार किंवा दिवाणी दावा करावा लागतो, आणि तिथे मानकाचा लेखी उल्लेख नसेल तर सिद्ध करणं फार कठीण जातं.