बर्नरची भोकं साफ करायची लिंबूसत्वाची पद्धत : काही महिने वापरून झाल्यावर

बर्नर लिंबूसत्वाच्या पाण्यात टाका, सोन्यासारखा चमकतो, असं सगळेच सांगतात आणि ते खरंय, चमकतोच. पण चमकणं आणि नीट जळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि काही महिने हेच करत असल्यामुळे त्याबद्दल जरा सविस्तर लिहितोय. आमची शेगडी दोन बर्नरची, दोन्ही पितळी, वरची भोकांची टोपी सुटी निघते अशी. तुमचा बर्नर पांढरट हलक्या धातूचा म्हणजे ॲल्युमिनियमचा असेल तर तो लिंबूसत्वात भिजवत ठेवू नका, काळा पडतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. त्याला गरम पाणी, भांड्याचं लिक्विड आणि ब्रश एवढंच पुरे.

छोट्या बर्नरचं लक्षण असं होतं की एका बाजूला ज्योत जवळजवळ नाहीच आणि दुसऱ्या बाजूला उंच, पिवळी, हलणारी. भांड्याच्या बुडाला काजळी पण फक्त त्याच बाजूला. कारण साधं आहे. नोझलमधून गॅस जोरात नळीत शिरतो तेव्हा नळीच्या तोंडापाशी असलेली हवा तो स्वतःसोबत ओढून घेतो, आणि ही हवा आधीच मिसळलेली असते म्हणून ज्योत निळी जळते. वरची भोकं बुजली की आत दाब अडतो, हवा कमी ओढली जाते, गॅस मात्र तेवढाच येत राहतो. मग जी भोकं उघडी आहेत तिथून हवा कमी असलेला गॅस बाहेर पडतो आणि पिवळा जळतो. म्हणजे जिथे पिवळी ज्योत दिसते तिथलीच भोकं घाण असतील असं नाही, बऱ्याचदा बुजलेली भोकं समोरच्या बाजूला असतात. पिवळी ज्योत म्हणजे अर्धवट जळणं, त्यात काजळीबरोबर कार्बन मोनॉक्साइडही वाढतो, त्यामुळे चालतंय तर चालू दे असं करू नये.

आता पद्धत. रेग्युलेटर बंद, बर्नर पूर्ण गार, मग टोपी काढायची. आधी गरम पाणी आणि भांड्याचं लिक्विड, त्यात अर्धा तास. ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच सगळं फसतं, कारण लिंबूसत्व पितळेवरचा हिरवा-काळा थर आणि पाण्याचे क्षार काढतं पण तेलकट चिकटा काढत नाही, आणि चिकट्याखाली ते पोचतच नाही. लिक्विडमध्ये जुन्या टूथब्रशने घासून घ्यायचं, धुवायचं, मग एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व आणि त्यात वीस-पंचवीस मिनिटं. रात्रभर अजिबात नको. जास्त वेळ राहिलं की पितळ गुलाबीसर दिसायला लागतं, म्हणजे वरच्या थरातलं जस्त गेलं आणि तांबं उरलं. आणि हो, या पाण्यात ब्लीच वगैरे काही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

यानंतर टोपी झकास दिसत होती. बसवली, पेटवली, तर पाच-सहा भोकं तरी अजून मुकीच. टोपी उलटी करून मोबाईलचा टॉर्च खालून मारला तेव्हा कळलं, भोकाचं बाहेरचं तोंड उघडं पण आतल्या बाजूला कडेने उतू गेलेल्या दुधाचा जळून कडक झालेला पापुद्रा. जळलेला कार्बन लिंबूसत्वात विरघळत नाही, तो खरवडूनच काढावा लागतो. तर टाचणी, पण भोकापेक्षा बारीक, सहज जाईल अशीच, आणि शक्यतो आतून बाहेर. बाहेरून आत ढकललं की घाण टोपीच्या आत पडते आणि दोन दिवसांनी तीच परत भोकात येऊन बसते. जाड सुई, खिळा, ड्रिल असलं काही नाही. भोक मोठं झालं की तिथून मिश्रण हळू बाहेर पडतं आणि ज्योत उलटी आत शिरू शकते, मग फट् आवाज येतो किंवा बर्नरच्या पोटात सूं सूं करत जळत राहतं, असं झालं तर लगेच बंद करायचं. खरवडून झाल्यावर टोपी पालथी धरून आपटायची आणि नळाखाली धरून पाणी भोकांतून आरपार जाऊ द्यायचं. प्रत्येक भोकातून सारखी धार आली तर समजा झालं. माझ्या मते ही धारेची परीक्षा सगळ्या प्रकारात सगळ्यात कामाची.

वाळवणं हा वेगळा विषय आहे. कापडाने पुसून भोकांतलं पाणी जात नाही, आणि ओला बर्नर पेटवला की तडतडतो, ज्योत उड्या मारते आणि माणसाला वाटतं साफच झाला नाही. मी उन्हात पालथा ठेवतो, घाई असेल तर फुंकर मारून भोकं मोकळी करायची आणि काही तास तसाच ठेवायचा. मीठ किंवा खायचा सोडा लावून घासलेलं असेल तर अजून एक गंमत, त्यातलं सोडियम उरतं आणि ज्योतीत नारिंगी ठिणग्या दिसतात. ते घाणीचं लक्षण नाही, पुन्हा साध्या पाण्याने धुतलं की जातं.

टोपी बसवताना खाच बरोबर बसली पाहिजे, तिरकी राहिली तर एका बाजूने गॅस फटीतून निसटतो आणि तिथेच पिवळी जीभ दिसते. नीट बसल्यावर आमच्या छोट्या बर्नरची ज्योत गोल, सगळीकडे सारख्या उंचीची, आत फिकट निळा टोकदार शंकू आणि बाहेर गडद निळी अशी यायला लागली. तेव्हापासून आठवड्याला कोरड्या ब्रशने वरून झाडणं आणि काही उतू गेलं की त्याच दिवशी धुणं, एवढंच करतो. लिंबूसत्व क्वचितच लागतं.

मोठ्या बर्नरने मात्र या पद्धतीची मर्यादा दाखवली. भोकं सगळी साफ, धारेची परीक्षा पास, तरी ज्योत आळशी, पिवळट. तिथे दोष टोपीत नव्हताच, खालच्या नळीत कोळ्याचं जाळं आणि धूळ साचलेली, त्यामुळे हवाच आत येत नव्हती. बर्नर उचलून नळीत बाटली धुवायचा बारीक ब्रश फिरवला, कोरडाच, आणि परत बसवताना नोझल नळीच्या तोंडात सरळ आलंय ना ते पाहिलं. ज्योत लगेच निळी. नोझलला मात्र हात लावला नाही. त्याचं भोक एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, पिनने जरा जरी मोठं झालं तरी गॅस जास्त येतो आणि हवेचा हिशोब कायमचा बिघडतो, ते बुजलंय असं वाटलं तर मेकॅनिककडून बदलून घ्या. काम संपल्यावर रेग्युलेटर चालू करून पाइपच्या जोडांना साबणाचं पाणी लावून बघायचं, बुडबुडे आले तर पेटवायचं नाही.