मिस्पमधील इंडिकेटर थेट फायरवॉलच्या ब्लॉकलिस्टमध्ये: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या कार्यालयाच्या गेटवेवर लिनक्स आहे आणि त्यातील फायरवॉलला रोज नवी ब्लॉकलिस्ट मिळते. ही यादी मिस्प या मुक्त-स्रोत प्रणालीतून तयार होते. मिस्प लक्झेंबर्गमधील सीआयआरसीएल या संस्थेच्या पुढाकाराने सांभाळले जाते आणि वेगवेगळ्या स्रोतांकडून आलेले आयपी पत्ते, डोमेन, फाइलींचे हॅश असे इंडिकेटर, म्हणजे हल्ल्याच्या खुणा, त्यांच्या संदर्भासह एका ठिकाणी ठेवते. गेले काही महिने ही जोडणी रोजच्या कामात वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की मिस्पमध्ये नोंदी आणणे हे अगदी सोपे काम असून खरी मेहनत त्यांतील कोणती नोंद फायरवॉलपर्यंत जाऊ द्यायची आणि ती तेथून कधी काढायची हे ठरवण्यात आहे. म्हणून हा अनुभव बहुतांशी त्याच दोन प्रश्नांविषयी आहे.

आधी दिशेचा मुद्दा. बाहेरून आत येणाऱ्या रहदारीसाठी सतत स्कॅन करणाऱ्या पत्त्यांच्या मोठमोठ्या याद्या लावण्याची पद्धत आहे. पण ज्या गेटवेवर बाहेरून येणारे सर्व काही मुळातच बंद आहे, तेथे अशा यादीने लॉग फुगण्यापलीकडे काहीही होत नाही. तिचा उपयोग फक्त जी एक-दोन पोर्ट जगासाठी उघडी ठेवावी लागतात, तेवढ्यांपुरता. आतून बाहेर जाणाऱ्या रहदारीचे मात्र तसे नाही. एखाद्या संगणकात शिरलेला मालवेअर आपल्या नियंत्रक सर्व्हरला फोन लावू पाहतो तेव्हा त्या पत्त्याची नोंद यादीत असेल, तर संबंध तेथेच तुटतो आणि कोणता संगणक बाधित आहे हेही कळते. त्यामुळे आम्ही मिस्पमधून `ip-dst`, म्हणजे रहदारी ज्याकडे जाते तो पत्ता, या प्रकारच्या आणि `to_ids` खूण असलेल्याच नोंदी घेतो. ही खूण म्हणजे नोंद करणाऱ्याने "हा पत्ता शोध किंवा अडवणूक करण्यासाठी वापरण्याजोगा आहे" असे सांगणे होय. खूण नसलेली नोंद केवळ संदर्भासाठी असते, आणि हा फरक न पाळणारी जोडणी पहिल्याच आठवड्यात त्रासदायक ठरते.

जुन्या नोंदींचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटला, कारण तो वरवर दिसत नाही. क्लाउडमधील आयपी पत्ता आज हल्लेखोराने भाड्याने घेतलेला असतो, तर महिन्याभराने तोच पत्ता एखाद्या सरळमार्गी व्यवसायाच्या संकेतस्थळाकडे गेलेला असतो. मिस्पला "गेल्या तीस दिवसांतल्या नोंदी दे" असे विचारता येते, पण त्यातील `last` हा निकष इव्हेंट, म्हणजे एका घटनेच्या नोंदींचा गट, कधी प्रकाशित झाला हे पाहतो. कोणी २०१९ सालच्या एखाद्या मोहिमेचा अहवाल आज प्रणालीत भरला किंवा जुन्या इव्हेंटमध्ये किरकोळ दुरुस्ती करून तो पुन्हा प्रकाशित केला, तर त्यातील सगळे मृत पत्ते ताजे म्हणून आपल्या हाती येतात. आम्ही म्हणूनच नोंदीवरील `last_seen` पाहतो. ती नसेल तर इव्हेंटची तारीख धरतो, आणि दोन्हींतून काहीच स्पष्ट होत नसेल तर ती नोंद फायरवॉलकडे पाठवतच नाही.

मिस्पमध्ये नोंदीचे गुण काळानुसार उतरवणारी सोय आहे आणि ती मला मनापासून आवडली. त्यामागचे सूत्र असे:

```
score = base_score * (1 - (t / lifetime)^(1 / decay_speed))
```

समजा, एका पत्त्याचे मूळ गुण ८० आहेत, आयुष्य ३० दिवस ठरवले आहे आणि ३० गुणांच्या खाली गेल्यावर नोंद बाद करायची आहे. उतरण्याचा वेग १ ठेवला तर गुण सरळ रेषेत घटतात आणि नोंद साधारण एकोणीस दिवस टिकते. वेग २ ठेवला तर सुरुवातीलाच मोठी घसरण होते आणि तीच नोंद बाराव्या दिवसाच्या आत बाद होते. आयपी पत्त्यांसाठी मी दुसरा पर्याय निवडला, कारण त्यांचा खरा उपयोग पहिल्या काही दिवसांतच असतो. डोमेनसाठी मात्र हे आयुष्य बरेच लांब ठेवावे लागते. हल्लेखोराने स्वतः नोंदवलेले नाव सहसा दुसऱ्या कोणाच्या हाती इतक्या लवकर जात नाही.

या सोयीतही एक सापळा आहे. कोणी "हा पत्ता आम्हालाही दिसला" अशी नोंद, म्हणजे सायटिंग, पाठवली की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. फायरवॉलने अडवलेला प्रत्येक प्रयत्न आपोआप सायटिंग म्हणून मिस्पला कळवावा, असा सल्ला अनेकांकडून मिळतो. आता कल्पना करा की यादीत चुकून एखाद्या पुरवठादाराच्या संकेतस्थळाचा पत्ता आला आहे. कर्मचारी रोज ते स्थळ उघडायला जाणार, फायरवॉल अडवणार, सायटिंग जाणार आणि चुकीची नोंद रोज नव्याने तरुण होणार. ती स्वतःहून कधीच मरणार नाही. म्हणून आमच्याकडे माणसाने लॉग तपासून खात्री केल्याशिवाय एकही सायटिंग पाठवली जात नाही, आणि चुकीची ठरलेली नोंद मिस्पमधील वेगळ्या प्रकारच्या सायटिंगने तशी कळवली जाते.

असाच दोष फायरवॉलच्या बाजूलाही शिरू शकतो. लिनक्समधील `ipset` या पत्त्यांचे संच ठेवणाऱ्या साधनात प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र मुदत देता येते, पण तोच पत्ता `-exist` पर्याय लावून पुन्हा भरला की मुदत नव्याने सुरू होते. रोजच्या आज्ञावलीने सरसकट "सात दिवस" लिहिले, तर फीडमध्ये, म्हणजे बाहेरून येणाऱ्या यादीत, पडून राहिलेला पत्ता वर्षभरही निघणार नाही. उपाय सोपा आहे: मुदत आजपासून न मोजता शेवटच्या दर्शनापासून मोजावी. पत्ता चार दिवसांपूर्वी दिसला असेल आणि आयुष्य सात दिवसांचे असेल, तर शिल्लक तीन दिवस, म्हणजे २,५९,२०० सेकंद. आम्ही रोज नवा संच बांधून जुन्या `ti_block` शी अदलाबदल करतो (खालील पत्ता उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या श्रेणीतील आहे):

```
ipset create ti_new hash:ip timeout 604800 maxelem 131072
ipset add ti_new 203.0.113.45 timeout 259200
ipset swap ti_new ti_block
ipset destroy ti_new
```

`maxelem` मुद्दाम लिहिले आहे. ते न लिहिल्यास संचाची मर्यादा ६५,५३६ असते आणि त्यापुढील पत्ते नाकारले जातात. या रचनेचा मोठा फायदा म्हणजे मिस्पचा सर्व्हर काही दिवस बंद पडला, तरी फायरवॉलमधील नोंदी आपापल्या मुदतीने गळून पडतात. जुनी यादी अनंत काळ तशीच चिकटून राहत नाही.

विषारी, म्हणजे निरपराध पत्त्यांना दोषी ठरवणाऱ्या, नोंदींविषयी बोलताना लोक प्रथम कोणीतरी फीडमध्ये घुसखोरी केल्याची कल्पना करतात. प्रत्यक्षात त्याची गरज नसते. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर टोर या ओळख लपवणाऱ्या जाळ्याच्या बाबतीत जे घडले ते या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. कोणीतरी टोरच्या रिलेंचे, म्हणजे रहदारी पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरांचे, पत्ते खोटेपणाने प्रेषक म्हणून लावून जगभरच्या यंत्रांच्या २२ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणीची सुरुवात करणारी एसवायएन पॅकेट पाठवली. रिले चालवणाऱ्यांनी काहीही केलेले नसताना "तुमचा सर्व्हर स्कॅन करतो आहे" अशा तक्रारी त्यांच्या होस्टिंग कंपन्यांकडे जाऊ लागल्या. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्रोत शोधून तो प्रकार थांबवण्यात आला. यातून निघणारा तांत्रिक अर्थ स्पष्ट आहे: केवळ एका एसवायएन पॅकेटवर आधारलेली नोंद कोणीही, कोणाच्याही नावावर तयार करू शकतो. टीसीपीची तीन टप्प्यांची जोडणी पूर्ण झाल्यावरच पत्ता नोंदवणारा हनीपॉट, म्हणजे हल्लेखोरांसाठी सापळा म्हणून ठेवलेला सर्व्हर, अशा फसवणुकीला सहजी बळी पडत नाही. त्यामुळे कोणताही फीड जोडण्यापूर्वी त्यातील नोंद नेमक्या कशावरून होते, हे मी वाचतो. ते कोठेच लिहिलेले नसेल तर फीड जोडत नाही.

दुसरा प्रकार मालवेअरच्या रचनेतूनच येतो. फॉर्मबुक आणि त्याचा वारसदार एक्सलोडर हे खऱ्या नियंत्रक डोमेनसोबत अनेक निरपराध संकेतस्थळांनाही मुद्दाम संपर्क करतात. सँडबॉक्स या बंदिस्त चाचणी-यंत्रात नमुना चालवून त्याने जोडलेली सगळी नावे उचलणारी यंत्रणा ही नावेही इंडिकेटर म्हणून पुढे ढकलते. त्यांचे आयपी शोधून यादीत घातले, तर शेकडो संकेतस्थळे एकाच पत्त्यावर असलेले सामायिक होस्टिंग अडवले जाते.

आमच्याकडे नेमके हेच लॉगमध्ये पाहायला मिळाले. नवा फीड आम्ही आधी काही आठवडे `ti_watch` या वेगळ्या संचात ठेवतो, ज्यावर नियम फक्त नोंद करतो, अडवत नाही. त्या संचातील एका पत्त्याकडे वेगवेगळ्या विभागांतील अनेक संगणक ४४३ पोर्टवर जात होते, तेही केवळ कामाच्या वेळेत, जेवणाच्या सुट्टीत थोडे जास्त आणि रविवारी अजिबात नाही. खऱ्या नियंत्रक सर्व्हरकडे जाणारी रहदारी अशी नसते. ती बहुधा एकाच संगणकाकडून, ठरावीक अंतराने, रात्री-अपरात्रीही येत राहते. डीएनएसच्या लॉगमध्ये त्याच क्षणी विचारलेली नावे पाहिली तेव्हा त्या पत्त्यावर एका सुट्या भागांच्या विक्रेत्याचे संकेतस्थळ असल्याचे दिसले, आणि मिस्पमधील मूळ इव्हेंट फॉर्मबुकचा निघाला. कोणाचेही काम न अडता हे समजले, ते केवळ निरीक्षणाच्या टप्प्यामुळे.

मिस्पच्या वॉर्निंगलिस्ट या याद्यांचाही इथे आधार मिळतो. सार्वजनिक डीएनएस सर्व्हर, खासगी पत्त्यांच्या श्रेणी, मोठ्या क्लाउड कंपन्यांचे पत्ते अशा गोष्टी त्यांत असतात आणि `enforceWarninglist` लावल्यास जुळणाऱ्या नोंदी गाळल्या जातात. मालवेअर इंटरनेट चालू आहे का हे पाहण्यासाठी अनेकदा `8.8.8.8` ला हाक मारतो, आणि तो पत्ता इंडिकेटर म्हणून आलेला मी पाहिला आहे. मात्र आपली बँक, जीएसटी पोर्टल, पगाराची सेवा किंवा ईमेल पुरवठादार यांची यादी मिस्प देणार नाही. ती स्वतः करावी लागते आणि त्या नावांचे पत्ते रोज नव्याने शोधून गाळणीत घालावे लागतात. फायरहॉल या प्रकल्पाच्या पहिल्या पातळीच्या लोकप्रिय यादीत तर खासगी श्रेणीही असतात, त्यामुळे ती आतल्या दिशेच्या नियमात जशीच्या तशी लावल्यास आपलेच जाळे बंद पडते. याखेरीज कालच्या तुलनेत यादी एक पंचमांशाहून अधिक वाढली किंवा घटली, तर आमची आज्ञावली अदलाबदल थांबवून माणसाला कळवते. फीडऐवजी त्रुटीचे एचटीएमएल पान उतरले, तर तेही इथेच पकडले जाते.

एक तक्रार नोंदवतो. वरील रचनेत `ipset` मध्ये गेलेल्या पत्त्यासोबत त्याचा इतिहास जात नाही. कोणत्या इव्हेंटमुळे तो आला हे वेगळ्या तक्त्यात लिहून ठेवावे लागले, आणि सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावेच लागत असल्याने तो तक्ताही आम्ही तेवढाच काळ ठेवतो. पत्त्यासोबत इव्हेंटचा क्रमांक नसेल, तर "हे का अडले?" या प्रश्नाला तीन महिन्यांनी कोणाकडेही उत्तर नसते.

सीडीएनच्या, म्हणजे अनेक संकेतस्थळांचा मजकूर पुरवणाऱ्या सामायिक जाळ्याच्या, मागे लपलेल्या नियंत्रक सर्व्हरपुढे हा सगळा खटाटोप निरुपयोगी आहे, कारण तेथील पत्ता हजारो इतर संकेतस्थळांचाही असतो आणि गाळणी तो योग्य कारणानेच काढून टाकते. असे इंडिकेटर आम्ही आता मिस्पच्या आरपीझेड या डीएनएस-नियमांच्या स्वरूपातील निर्यातीने डीएनएस सर्व्हरवर नावानिशी अडवतो. ब्राउझरने स्वतःचे एन्क्रिप्टेड डीएनएस वापरले तर ही अडवणूक चुकवली जाते, म्हणून ती सोय सर्व संगणकांवर धोरणाने बंद केली आहे. पाहुण्यांच्या वायफायवर मात्र तसे करता आलेले नाही, आणि ते जाळे सध्या कार्यालयाच्या जाळ्यापासून पूर्ण वेगळे ठेवले आहे.